‘स्थिर हानी’ नेमकी कोणती?

*प्रश्न: मुंबईत एका पॉलिटेक्निकला शिकवते. डीसी शंट मोटारच्या स्विनबर्न टेस्टमध्ये मुलं नो-लोड लॉस, कॉन्स्टंट लॉस आणि रोटेशनल लॉस हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने लिहितात. मराठीत वेगळे शब्द ठेवावेत का? आणि ‘स्थिर’ म्हणजे खरंच स्थिर का?*

वेगळे ठेवाच, कारण तिन्हींचे आकडे वेगळे येतात. मी ‘निर्भार हानी’, ‘स्थिर हानी’ आणि ‘फिरण्याची हानी’ असे लिहितो. बोलताना ‘लॉस’च म्हणा, लोहार चाळीत ‘हानी’ मागितलीत तर कोणी ओळखणार नाही.

एक मोटार घेऊ: २२० व्होल्ट, शंट फिल्डचा रोध २२० ओहम, आर्मेचरचा रोध गरम असताना ०.५ ओहम. शाफ्टला काहीही न जोडता ती पूर्ण व्होल्टेजवर चालवायची आणि फिल्ड रिओस्टॅटने नेमप्लेटवरच्या वेगाला आणायची. समजा लाइनच्या अ‍ॅमीटरवर ३ अँपिअर दिसले आणि फिल्डच्या अ‍ॅमीटरवर १. म्हणजे आत जाते २२० × ३ = ६६० वॉट. बाहेर काम शून्य, तेव्हा ही सगळीच हानी. ही झाली निर्भार हानी.

त्यात आर्मेचरमधून २ अँपिअर जातात, त्यांची ताम्रहानी २ × २ × ०.५ = २ वॉट. ती भाराबरोबर बदलणारी, म्हणून वजा करायची. उरले ६५८, ही स्थिर हानी. या ६५८ मध्ये शंट फिल्डचे २२० वॉट आधीच बसलेले आहेत. ते काढले की उरतात ४३८ वॉट: बेअरिंग आणि ब्रशचे घर्षण, हवेचा विरोध आणि आर्मेचरच्या गाभ्यातली लोहहानी. ही फिरण्याची हानी.

शब्दांच्या गोंधळाची किंमत पुढच्या पायरीला कळते. भारावर लाइनमधून ४० अँपिअर गेले तर कार्यक्षमता किती, हे भार न देता काढायचे आहे. आर्मेचरमध्ये ३९ अँपिअर, ताम्रहानी ३९ × ३९ × ०.५ = ७६०.५ वॉट. त्यात ६५८ मिळवले की १४१८.५. आत ८८०० वॉट, म्हणजे कार्यक्षमता ८३.९ टक्के. आता ज्याने ६५८ ला ‘रोटेशनल’ असे नाव दिले, तो साहजिकच फिल्डचे २२० वॉट वेगळे मिळवतो आणि त्याचे उत्तर ८१.४ वर येते. जर्नल तपासताना हे पकडायला सोपे आहे: त्याच्याच आकड्यांनी बिनभाराची बेरीज करायला सांगा. ६५८, २२० आणि २ मिळून ८८० होतात, आणि मीटर तर ६६० च दाखवत होता.

आता ‘स्थिर’बद्दल. तो शब्द गृहीतकाचा आहे, मोजमापाचा नाही. व्होल्टेज तेच, त्यामुळे फिल्डचा प्रवाह तोच, म्हणून चुंबकीय फ्लक्स जवळपास तोच, आणि शंट मोटारचा वेग भाराने थोडाच उतरतो. एवढ्या आधारावर लोहहानी आणि घर्षण बदलत नाही असे मानले जाते. प्रत्यक्षात भारावर आर्मेचरच्या प्रवाहामुळे फ्लक्सची वाटणी वाकडी होते, काही दात जास्त संपृक्त होतात आणि लोहहानी वाढते. मोटार रिकामी असताना हे दिसतच नाही, म्हणून या टेस्टचे उत्तर बहुधा खऱ्यापेक्षा थोडे चांगलेच येते. भारावर कॉम्युटेटरवर ठिणग्या पडतात का, मोटार किती तापते, हेही ती सांगत नाही.

माझ्या मते मुलांना ‘स्थिर’पेक्षा ‘बदलती’ हानी जास्त फसवते. आर्मेचरचा रोध टेस्टआधी थंड मोटारवर मोजतात आणि तोच आकडा गणितात जातो. तांब्याचा रोध ३० अंशांवरून ७५ अंशांवर गेला की सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. आपल्या मोटारचा थंड रोध ०.४३ ओहम असणार. तोच वापरला तर ताम्रहानी ६५४ वॉट आणि कार्यक्षमता ८५.१ टक्के दिसते. म्हणून तक्त्यात नुसते ‘आर्मेचर रोध’ न लिहिता शेजारी तापमान लिहायला लावा.

शब्दाबरोबर त्याची हद्दही सांगायला हवी. ही सारी विभागणी शंट (फार तर कंपाउंड) मशीनपुरती आहे. मुंबईत १९२५ साली १५०० व्होल्ट डीसीवर लोकल सुरू झाली, तिच्या मोटारी सिरीज जातीच्या. तिथे भाराचा प्रवाहच फिल्डमधून जातो, त्यामुळे फ्लक्स भाराबरोबर बदलतो आणि ‘स्थिर’ म्हणावे असे काही हाती लागत नाही. शिवाय सिरीज मोटार पूर्ण व्होल्टेजवर रिकामी सोडली की वेग धोक्याच्या पलीकडे जातो. शंट मोटारचे फिल्ड मध्येच तुटले तरी हाच धोका, तेव्हा टेस्ट चालू असताना एका मुलाला फक्त फिल्डच्या अ‍ॅमीटरकडे बघत उभे करा. काटा शून्याकडे गेला की मेन स्विच लगेच बंद.