खोटा स्कोर आणि शेवटचं "सॉरी"

"मॅडम, माझा छोटा प्रोजेक्ट आहे, तीस जणांवर. निम्म्यांना कोड्यांत तुमचा स्कोर खूपच कमी आलाय असं खोटं सांगायचं आणि पुढचं कोडं ते किती वेळ नेटाने सोडवतात ते बघायचं. आधी सांगितलं तर प्रयोगच बोंबलतो. संमतीपत्रावर सही घेतली आणि शेवटी खरं सांगितलं, तर चालेल ना?"

अगं, अगदी असाच प्रोजेक्ट केलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तिने सगळं उरकल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की स्कोर खोटे होते, सॉरी, थँक यू, आणि झालं. आठवड्याने त्यातलाच एक मुलगा माझ्याकडे आला, म्हणाला, "स्कोर खोटा होता ते कळलं मॅडम, पण मला लॉजिक जमतच नाही हे तर खरंच ना, दहावीतही असंच झालेलं."

हे नवीन नाही. 1975 साली रॉस, लेपर आणि हबर्ड या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच दाखवलं, की स्कोर खोटा होता हे स्पष्ट सांगूनही लोकांचं स्वतःबद्दलचं मत त्या स्कोरकडेच झुकलेलं राहतं. मला पटतं ते कारण असं, की स्कोर ऐकताक्षणी मन पुरावे गोळा करायला लागतं, दहावी आठवते, जुनी फजिती आठवते, आणि मग स्कोर गेला तरी ते पुरावे तिथेच राहतात. त्यांच्याच प्रयोगात ज्यांना मनाची ही खोडही समजावून सांगितली, त्यांच्यातला परिणाम बराचसा निघून गेला.

म्हणून आम्ही परत एकेकाला बोलावलं. तिने पाकीट उघडून चिठ्ठी दाखवली, "कमी" हा शब्द तो मुलगा खोलीत यायच्या आधीच लिहिलेला होता, उत्तरं कुणी तपासलीच नव्हती. मग त्याला विचारलं, कमी स्कोर ऐकल्यावर काय काय आठवलं? दहावी, म्हणाला. ती का आठवली ते सांगितलं, आणि तुझा डेटा ठेवू की काढू हेही विचारलं. त्याने काढायला सांगितला. काढला.

आता सहीचं. ज्या गोष्टीमुळे माणूस नाही म्हणाला असता ती लपवून घेतलेली सही ही संमती नव्हे. "काही माहिती शेवटी सांगू, मध्ये केव्हाही थांबता येईल" एवढं तरी पत्रात हवंच. पण खोटं बोलायची मुभा दुसरा मार्ग नसेल आणि हाती काही मोलाचं लागणार असेल तरच असते, आणि तीस जणांच्या प्रोजेक्टला मी ती देणार नाही. तू निम्म्यांना खरोखर अवघड कोडी दे, म्हणजे कमी स्कोर खरा असेल, आणि शेवटी कोडी मुद्दाम अवघड निवडलेली हे प्रत्येकाला एकेकटं सांग. यात थकव्याचा परिणाम मिसळेल, ते मान्य, रिपोर्टमध्ये मर्यादा म्हणून लिही. आणि एकालाही बसवायच्या आधी हा आराखडा गाईडकडून आणि एथिक्स कमिटीकडून पास करून घे.