इन्सुलिन ड्रिप बंद करताना पहिलं इंजेक्शन कधी द्यायचं?

प्रश्न: आयसीयूत पेशंटची इन्सुलिन ड्रिप काढायची आहे. आधी ड्रिप बंद करू की आधी इंजेक्शन देऊ?

आधी ग्लार्जिनसारखं लाँग-ॲक्टिंग इंजेक्शन त्वचेखाली द्या आणि ड्रिप त्यानंतर साधारण 2 तासांनी बंद करा. शिरेतून गेलेल्या इन्सुलिनचा असर काही मिनिटांतच ओसरू लागतो, तर ग्लार्जिनला काम सुरू करायला 2 ते 4 तास लागतात. ड्रिप आधी थांबवली तर मधल्या वेळात शरीराला इन्सुलिनच मिळत नाही. टाइप 1 च्या पेशंटला तेवढ्यात पुन्हा कीटोन्स वाढू शकतात.

डोस डॉक्टरच लिहितात, पण हिशोब आपल्यालाही पडताळता यावा. समजा, गेले 6 तास ड्रिप ताशी 1.5 युनिटवर स्थिर आहे आणि शुगर 140 ते 180 मध्ये आहे. दिवसाचे 36 युनिट झाले. त्याचे 80 टक्के, म्हणजे साधारण 28. त्यातले 14 ग्लार्जिन, उरलेले तीन जेवणांत वाटून. संध्याकाळी 6 ला ग्लार्जिन दिलं, तर पंप 8 ला बंद. मधल्या 2 तासांत दोन्ही इन्सुलिन चालू असतात, म्हणून दर तासाची शुगर तपासणी अजिबात चुकवू नका. ज्या हातात डेक्स्ट्रोज चालू आहे त्या हाताचं रक्त घेऊ नका, आकडा खोटा वाढलेला येतो.

डीकेए असेल तर मात्र नुसती शुगर उतरली म्हणून ड्रिप काढायची नाही. अ‍ॅनायन गॅप भरून आलेला हवा आणि पेशंट तोंडाने खात असायला हवा.