कारखान्याने चिमणी उंच केली, तरी हिवाळ्यात सकाळी आमच्या वस्तीत धूर का येतो?

कारण चिमणी वाढवल्याने धूर कमी होत नाही, तो फक्त लांब जाऊन पातळ होतो. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बॉयलरवर होतो. तिथेही चिमणी ३० मीटरची ४५ केली आणि साहेबांनी प्रश्न मिटला असं जाहीर केलं.

हिशोब साधा आहे. गरम धूर तोंडातून निघाल्यावर आणखी वर चढतो. ती चढण १० मीटर धरली, तर खरी उंची ४० वरून ५५ झाली. जमिनीवरचा सर्वात दाट धूर उंचीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात घटतो, म्हणजे तो जवळपास निम्म्यावर आला. पण ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी आधी साधारण ९०० मीटरवर टेकणारा धूर आता सव्वा-दीड किलोमीटरवर टेकायला लागला. जवळच्या वस्तीची तक्रार थांबली, पुढच्या वस्तीची सुरू झाली.

तुमची सकाळ मात्र वेगळी आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. अशा हवेत वर-खाली ढवळण होत नाही. धूर पट्ट्यासारखा वरच्या वर कित्येक किलोमीटर सरकतो, खाली काहीच कळत नाही. ऊन पडलं की जमिनीकडून ढवळण सुरू होते. ती पट्ट्यापर्यंत पोचली, की रात्रभराचा धूर सगळीकडे एकदमच खाली उतरतो. याला फ्युमिगेशन म्हणतात. सूर्य उगवल्यावर काही वेळ हा प्रकार चालतो. चिमणी १५ मीटर वाढवून तो फार तर थोडा उशिरा होईल.

आमच्याकडे सूट ब्लोइंग, म्हणजे बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी वाफेने उडवणं, पहाटेची पाळी सुटायच्या आधी व्हायचं. मी म्हणायचो, दुपारी दोन वाजता करा. तेव्हा हवा जोरात ढवळते, धूर जवळ टेकतो खरा, पण चटकन विरतो. साहेबांचं उत्तर ठरलेलं: "पाळीचं वेळापत्रक बदलत नाही." चिमणीवर लाखो रुपये घालणाऱ्यांना फुकटचा बदल जड गेला, हे मला आजही पटत नाही.

तुम्ही कारखान्याला चिमणीची उंची विचारू नका. ती नियमातच असेल: `H = 14 × Q^0.3`, Q म्हणजे ताशी किलो सल्फर डायऑक्साइड. १० किलोला २८ मीटर येतात, पण सहसा किमान ३० लागतात. सूट ब्लोइंग किती वाजता होतं आणि धुरातले कण अडवणारा बॅग फिल्टर चालू असतो का, ते विचारा. सकाळच्या धुराच्या वेळा आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. वारा कारखान्याकडून नसेल, तर धूर शेकोट्यांचा किंवा कचऱ्याचाही असू शकतो. आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण पडत असतील, तर वरचा हिशोब लागू नाही. जाड कण स्वतःच्या वजनानेच पडतात, तिथे फिल्टरच तपासायला लावा.