कुबट, उग्र की खवट? मित्राला वासाबद्दल सांगण्याआधी

प्रश्न : मॅडम, आम्ही तिघं पुण्यात फ्लॅट शेअर करतो, त्यातला एक माझा इंजिनिअरिंगपासूनचा मित्र. पठ्ठ्या दिवसातून दोनदा आंघोळ करतो तरी घामाचा वास येतो, ऑफिसला माझ्या बाइकवर मागे बसतो तेव्हा तर नको होतं. वाढदिवसाला चांगला डिओ गिफ्ट देऊ का? तोंडावर सांगायची हिंमत नाहीये.

डिओ नको. एकतर त्याला इशारा कळणारच नाही, तो खूश होऊन फसाफसा मारेल आणि मग तुम्हाला घाम अधिक लॅव्हेंडर असा वास घेत हिंजवडीपर्यंत जावं लागेल. आणि कळला तर जास्त वाईट, कारण मग वर्षभर तो विचार करत बसेल की अजून कोणाकोणाला माहितीये.

मला तुमच्या प्रश्नात कामाची गोष्ट दिसली ती म्हणजे दोनदा आंघोळ. माणूस दोनदा आंघोळ करतोय म्हणजे आळस हा विषयच नाही. आता दोन-तीन दिवस एवढंच बघा की वास येतो कधी. संध्याकाळी दमून आल्यावर येतो, की सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातल्यावर पंधरा मिनिटांतच? दुसरं असेल तर वास त्याचा नाही, शर्टाचा आहे.

म्हणजे कसं, ताज्या घामाला स्वतःचा असा काही वास नसतो. काखेत एक वेगळ्या प्रकारच्या घामग्रंथी असतात, त्यांचा घाम जरा तेलकट, आणि तिथले बॅक्टेरिया तो खातात, त्यातून तो उग्र वास तयार होतो. पॉलिस्टरच्या धाग्याला हा तेलकट भाग चिकटून बसतो, कॉटनपेक्षा बराच जास्त. आपण मशीनवर थंड पाण्यात तीस मिनिटांची क्विक वॉश सायकल लावतो, त्यात तो निघतच नाही. कोरडा शर्ट कपाटात अगदी निरागस असतो, अंगाची ऊब लागली की परत सुरू. ऑफिसचे ते न चुरगळणारे शर्ट आणि जिमचे ड्राय-फिट टीशर्ट यात एक नंबर.

हे आधी समजून घ्यायचं कारण असं की त्यामुळे तुमचं वाक्य बदलतं. 'तुला वास येतो' आणि 'तुझ्या त्या निळ्या शर्टाला वास राहतो' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि इथे दुसरंच खरं आहे, तुम्ही गोड बोलण्यासाठी काही बनवून सांगत नाही आहात.

सांगायचं दोघंच असताना, आणि शक्यतो चालता चालता, रात्री जेवून चक्कर मारायला जाता ना तेव्हा. शेजारी शेजारी चालताना डोळ्यात बघावं लागत नाही, दोघांचीही सुटका. सकाळी निघायच्या घाईत नको, बिचारा दिवसभर मीटिंगमध्ये हात अंगाला चिकटवून बसेल. साधारण असं, "अरे एक सांगायचंय, जरा ऑकवर्ड आहे, मी तुझ्या जागी असतो तर मला कोणीतरी सांगावं असं वाटलं असतं म्हणून सांगतोय. तुझ्या ऑफिसच्या शर्टांना काखेत घामाचा वास राहतोय, सकाळी घातल्या घातल्याच येतो. तू आंघोळ करतोस ते माहितीये मला, कापडाचाच लोचा वाटतोय." बस, इथे थांबायचं. आपण नर्व्हस झालो की बडबड करतो आणि तिथेच घाण होते. तिसऱ्या रूममेटचं नाव काढू नका, 'आम्हाला सगळ्यांना वाटतं' हे तर अजिबात नको, त्या एका वाक्याने मित्राचा सल्ला संपतो आणि पंचायत सुरू होते.

तो बहुतेक म्हणेल, "मला तर नाही येत." खोटं बोलत नाहीये तो. सतत आसपास असलेल्या वासाची नोंद घेणं आपलं नाक थोड्या वेळात बंद करतं. वाद घालू नका, म्हणा, धुतलेल्या शर्टाच्या काखेवर गरम इस्त्री फिरव आणि लगेच हुंगून बघ. उष्णतेने अडकलेला वास वर येतो, त्याचं त्यालाच कळेल.

मग उपाय. शर्ट उलटे करून एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात अर्धा तास भिजवायचे, मग नेहमीसारखे धुवायचे, पूर्ण मोठ्या सायकलवर, लेबलवर चालत असेल तर कोमट पाण्यात. व्हिनेगरबरोबर ब्लीच कधीच नाही, विषारी गॅस होतो. दोनदा करूनही इस्त्रीची टेस्ट फेल झाली तर तो शर्ट गेला समजा, बाइक पुसायला ठेवा.

आणि कॉटन घालूनही संध्याकाळी वास असेलच तर अँटीपर्स्पिरंट, डिओ नव्हे. डिओ वास झाकतो किंवा बॅक्टेरिया थोडे कमी करतो, अँटीपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाची वाटच अडवतात. ते रात्री झोपताना पूर्ण कोरड्या काखेत लावायचं, सकाळी धावपळीत ओल्या अंगावर लावलं तर नुसती आग होते. चार-पाच रात्री लागतात फरक पडायला. त्यानेही नाही जमलं तर स्किनवाल्या डॉक्टरकडे, औषधं आहेत आमच्याकडे.

प्रश्न : माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या तोंडाला वास येतो. घरी तिच्यासाठी स्थळं बघतायत. मी सारखं च्युइंगम पुढे करते, ती म्हणते नको गं, आत्ताच जेवले. कसं सांगू?

बघा, च्युइंगमचं काय झालं ते. इशारे फक्त ज्याला आधीच संशय आहे त्याला कळतात.

तोंडाचा वास बहुतेक वेळा तोंडातूनच येतो, पोटातून नाही, आपल्याकडे उगाच सगळं ॲसिडिटीवर ढकलतात. जिभेचा मागचा भाग, हिरड्यांच्या फटी, किडलेला दात, क्वचित टॉन्सिलमध्ये साठणारे पांढरे खडे. म्हणजे ब्रश दोनदा करणाऱ्या माणसालाही येऊ शकतो, आणि तुमचं वाक्य नेमकं इथून सुरू होऊ दे, "अगं, तुझ्या श्वासाला हल्ली वास येतो, ब्रशचा प्रश्न नसणार, हिरड्यांचं काहीतरी असेल, एकदा डेंटिस्टला दाखव ना, मी येते सोबत." पण पोह्यांच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नको हं! निदान तीन-चार आठवडे आधी, कारण दात साफ करून घेतले की हिरड्या शांत व्हायला वेळ जातो. शिवाय स्थळाचा उल्लेखच नको. 'मुलगा काय म्हणेल' हे ऐकलं की ती वास विसरेल आणि तेवढंच लक्षात ठेवेल.

डेंटिस्टने सगळं ठीक सांगितलं तर पुढे कान-नाक-घसा. रोजच्यासाठी टंग क्लीनर, मागून पुढे, हलक्या हाताने.

प्रश्न : माझी मैत्रीण आधी एकदम टापटीप असायची. चार महिन्यांपूर्वी तिची आई गेली. आता केस विंचरत नाही, तोच कुर्ता तीन दिवस, अंगाला वास येतो. बाकीच्या मैत्रिणी टाळायला लागल्यात. मी तिला स्वच्छतेबद्दल बोलू का?

नाही. इथे वासाचं बोलूच नका.

कायम गबाळा असलेला माणूस आणि टापटीप असून गबाळा झालेला माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिप्रेशनमध्ये आंघोळ हे खरोखर डोंगराएवढं काम होतं, उठायचं, कपडे शोधायचे, पाणी तापवायचं, डोकं धुवायचं, पुसायचं. तिला वास येतोय हे तिला कळत नसेल असं नाही, कदाचित कळतंय आणि उचलवत नाहीये, वरून तुम्ही सांगितलंत तर लाजेची अजून एक वीट.

विचारायचं ते झोपेचं आणि जेवणाचं. "रात्री झोप लागते का गं? जेवतेस का नीट?" आणि मग हाताने करता येईल असं काहीतरी, "रविवारी येते, डोक्याला तेल लावून देते, मग तू नहा, तोवर मी खिचडी टाकते." तेल लावणं यात एक बरं असतं की ते लाड असतात, सुधारणा नसते. तिचे कपडे मशीनला लावून या, न विचारता. झोप, भूक, काम तिन्ही बिघडलेलं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर थांबायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : ट्रेकवरून येताना गाडीत मित्राने बूट काढले आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, खिडक्या उघडा रे मेलो! सगळे हसले, तोही हसला. पण आता तो फोन उचलत नाही.

तो हसला कारण गाडीतून उतरता येत नव्हतं.

माफी जागेची मागा, मुद्द्याची नाही. "सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं, सॉरी." 'मस्करी केली रे' जोडू नका, त्याचा अर्थ तुला मस्करी कळत नाही असा होतो. फोन उचलत नसेल तर दोन ओळींचा मेसेज, पण एकट्याला, ग्रुपवर नाही, आणि मग त्याला वेळ द्या.

मी हॉस्टेलला असताना रूममेट मला हळूच म्हणाली होती की तुझ्या उशीला खवट वास येतो. तेल लावून झोपायचं आणि अभ्रा महिना महिना बदलायचा नाही, दुसरं काय होणार. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, तिसऱ्या दिवशी अभ्रा धुतला. आणि तिने तरी एकटीला सांगितलं होतं! तुमच्या मित्राला दोन दिवसांपेक्षा जास्त लागतील.

तो परत बोलायला लागला तरी बुटांचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर सांगा, ट्रेकचे बूट एक दिवसाआड घाल म्हणावं, मधला पूर्ण दिवस वाळू दे, आतले सोल काढून. तळव्याला बारीक खड्डे पडल्यासारखे दिसत असतील तर ते बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असू शकतं, लावायच्या औषधाने जातं.

प्रश्न : उलटं आहे, मला मित्राने सांगितलं की पावसाळ्यात माझ्याजवळ कुबट वास येतो. खरं आहे का हे कसं तपासू?

कुबट म्हणाला ना, उग्र नाही म्हणाला? मग कपडे नीट वाळत नाहीयेत, बहुतेक खोलीतच दोरीवर दाटीवाटीने टाकताय. दिवसभर घातलेला शर्ट पिशवीत घालून तोंड बांधा, बाहेर मोकळ्या हवेत पंधरा-वीस मिनिटं चक्कर मारून या, नाक ताजं झालं की पिशवी उघडून हुंगा. तसंच टॉवेलचंही करा, टॉवेल लोक विसरतात. दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा, वर पंखा लावा, मशीनमध्ये धुतलेले कपडे तासन्‌तास पडू देऊ नका. आणि तरीही कळलं नाही तर त्याच मित्राला दोन आठवड्यांनी विचारा, त्याने एकदा सांगितलंय म्हणजे परत सांगेल.