उपयोगी उत्तर मिळालं की चॅटचं नाव तेव्हाच बदला

प्रश्न: एआयबरोबरच्या जुन्या चॅट्सची यादी भलीमोठी झाली आहे. नावं वाचून आत काय आहे ते कळत नाही, हवं ते उत्तर सापडत नाही. तुम्ही काय करता?

उत्तर:

आपोआप पडणारं नाव बहुतेक वेळा तुमच्या पहिल्या प्रश्नावरून, फार तर त्याच्या पहिल्या उत्तरावरून ठरतं. पुढे विषय कुठेही गेला तरी ते सहसा तसंच राहतं. कामाचं उत्तर मात्र बरेचदा गप्पांच्या शेवटी मिळतं.

मी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा हिशेब बघतो. एकदा टाकी सफाईची सूचना लिहून घ्यायला चॅट उघडली. त्यातच पुढे थकलेल्या मेंटेनन्सवरच्या व्याजाचं विचारलं आणि एक्सेलचा हा फॉर्म्युला मिळाला. B2 मध्ये थकबाकी, C2 मध्ये देय तारीख, D2 मध्ये भरल्याची तारीख:

```
=ROUND(B2*21%*MAX(0,D2-C2)/365,0)
```

८,००० रुपये ४५ दिवस थकले तर २०७ रुपये येतात. कॅल्क्युलेटरवर ताळा केला, बरोबर निघाला. यादीत मात्र त्या चॅटचं नाव होतं टाकी सफाईची सूचना. पुढच्या तिमाहीला बिलं काढताना त्या नावावर कोण क्लिक करेल?

म्हणून ताळा जमला तिथेच नाव बदललं: «थकबाकी व्याज एक्सेल फॉर्म्युला, ताळा केला». कॉम्प्युटरवर यादीतल्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की Rename चा पर्याय मिळतो. फोनवर बहुधा नाव दाबून धरावं लागतं.

नावात मी प्रश्न लिहीत नाही, हाती काय लागलं ते लिहितो, आणि पुढे शोधताना जे शब्द मला सुचतील तेच वापरतो. «ताळा केला» हे शब्द तर फारच महत्त्वाचे. एकच गोष्ट तीन वेळा विचारली की जवळजवळ सारख्या नावांच्या तीन चॅट्स होतात, आणि चाललेलं उत्तर कुठलं हे बाहेरून ओळखता येत नाही. हे सगळं त्याच मिनिटाला करायचं, कारण संध्याकाळपर्यंत उत्तर लक्षात राहतं, पण ते कुठल्या चॅटमध्ये होतं ते विसरतं. सभासदांची नावं किंवा फ्लॅट नंबर मात्र नावात घालू नका. मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना ती यादी सगळ्यांना दिसते.

एकाच चॅटमध्ये दोन वेगळ्या कामांची उत्तरं मिळाली तर एक नाव दोघांना पुरत नाही. अशा वेळी दुसरं उत्तर नव्या चॅटमध्ये चिकटवून तिला वेगळं नाव देतो.

सर्चची सोय असतेच, पण तीही तुम्ही काय टाइप केलं होतं त्यावर अवलंबून. प्रश्न रोमन लिपीत vyaj असा लिहिला असेल आणि शोधताना «व्याज» टाकलं, तर ती चॅट निसटू शकते. म्हणून आता मी नावात दोन्ही लिहून ठेवतो.