परदेशातल्या सहकाऱ्याला सांत्वनाचं कार्ड

प्रश्न: 'परदेशातल्या एका सहकाऱ्याची आई गेली. मी स्वतः कार्ड पाठवणार आहे, पण इंग्रजीत काहीही लिहिलं तरी सरकारी पत्रासारखं वाटतं. मनापासून आलेलं वाटावं म्हणून काय लिहू?'

तुमचा मसुदा बहुधा 'प्लीज ॲक्सेप्ट माय हार्टफेल्ट कन्डोलन्सेस ऑन द सॅड डिमाइज ऑफ युअर बिलव्हेड मदर' असा काहीसा असणार. व्याकरणात खोट नाही. पण 'डिमाइज' शोभतो तो वकिलाच्या कागदात, आईबद्दल बोलताना कोणी तो उच्चारत नाही. 'एक्स्पायर्ड' तर नकोच, त्यांच्याकडे दूध नाहीतर पासपोर्ट एक्स्पायर होतो. 'डाइड' लिहवत नसेल तर 'पास्ड अवे' चालतं.

पहिलं वाक्य एवढंच ठेवा: 'आय वॉज सो सॉरी टु हिअर अबाउट युअर मदर.' आपल्याला 'सॉरी' म्हणजे माफी वाटते, म्हणून पहिल्या कार्डात मी तो शब्द मुद्दाम गाळला होता आणि कार्ड अगदी कोरडं झालं. इथे त्याचा अर्थ 'फार वाईट वाटलं'. 'सॉरी फॉर युअर लॉस' चूक नाही, पण वापरून वापरून गुळगुळीत झालंय. 'लॉस'च्या जागी 'युअर मदर' आलं की वाक्य त्याच्या आईबद्दलचं होतं.

खरा जीव दुसऱ्या वाक्यात असतो. त्याच्या आईला तुम्ही भेटला नसाल, पण त्याच्या बोलण्यात ती कधीतरी आली असेलच. समजा, ती दर रविवारी फोन करायची असं तो एकदा म्हणाला होता. मग लिहा: 'आय रिमेंबर यू टेलिंग मी अबाउट हर संडे कॉल्स.' असं काहीच आठवत नसेल तर ओढूनताणून आणू नका. 'आय नेव्हर मेट हर, बट आय नो हाऊ मच शी मेंट टु यू' पुरतं, अर्थात ते तुम्हाला खरंच माहीत असेल तरच.

'लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग' मी लिहीत नाही. दुःखातल्या माणसाने आता काय मागायचं याचाही विचार करायचा? त्यापेक्षा नेमकं काम उचला: 'आय विल टेक द थर्सडे कॉल्स अंटिल यू आर बॅक. नो नीड टु रिप्लाय.' शेवटचे चार शब्द गाळू नका, उत्तर देण्याचं ओझं त्यांनी उतरतं. अर्थात, ते कॉल खरोखर घेणार असाल तरच हे लिहा.

'ॲट लीस्ट'ने सुरू होणारं काहीही टाळा. 'ॲट लीस्ट शी लिव्ह्ड अ लाँग लाइफ' वाचणाऱ्याला 'आता पुरे' असं ऐकू येतं. 'शी इज इन अ बेटर प्लेस'ही त्याची श्रद्धा ठाऊक असल्याशिवाय नको.

खाली 'रिगार्ड्स' म्हणजे ऑफिसची ईमेल झाली. 'थिंकिंग ऑफ यू' आणि फक्त तुमचं नाव. बातमी उशिरा कळली असेल तर सुरुवात 'आय हॅव ओन्ली जस्ट हर्ड' अशी करा, तीन आठवड्यांनी पोचलेलं कार्डही चालतं.