खात्यातून काढलेल्या मोठ्या रोख रकमेचं ऑडिटरला स्पष्टीकरण

प्रश्न: मी नागपुरातल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंटंट आहे. मार्चमध्ये सेल्फ चेकने मोठी रोख रक्कम काढली होती. ऑडिटरने त्यावर लाल खूण करून ‘कशासाठी? व्हाउचरसह लेखी खुलासा द्या’ असं लिहून पाठवलंय. काही व्हाउचर आहेत, काही सापडत नाहीत. उत्तर कसं लिहू?

उत्तर:

मी अशा खुलाशातून गेलो आहे, म्हणून तोच किस्सा आकड्यांसकट सांगतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण अडचण बहुतेक हीच असेल.

तेव्हा मी कळमेश्वरच्या बाजूला संत्र्याचं ग्रेडिंग-पॅकिंग करणाऱ्या एका कंपनीत होतो. मार्च म्हणजे मृग बहाराच्या तोडणीचे दिवस. काटोल-नरखेडकडच्या बगिच्यांचे सौदे झालेले असतात आणि शेतकरी काट्यावरच पैसे मागतो. ६ मार्चला ८,५०,००० रुपये काढले. घाईत मी टॅलीत बँकेतून थेट एकच पेमेंट एंट्री टाकली: ‘संत्रा खरेदी ८,५०,०००’. खरी चूक ती होती. पैसे बँकेतून संत्र्यात गेलेच नव्हते. ते आधी कंपनीच्या तिजोरीत आले, तिथून साइटवरच्या सुपरवायझरच्या हातात गेले आणि त्याच्याकडून दहा ठिकाणी वाटले गेले. मधल्या दोन पायऱ्या मी गिळल्या, म्हणून ऑडिटरला ती रक्कम हवेत लटकलेली दिसली.

पैसे निघाले याबद्दल ऑडिटरला शंका नसते, ते बँक स्टेटमेंटवर आहेच. त्याला पाहायचं असतं की निघाल्यानंतर प्रत्येक रुपया कोणाच्या हातात होता. म्हणून खुलासा खर्चाच्या खात्यांप्रमाणे लिहू नका, पैसा ज्या क्रमाने फिरला त्या क्रमाने लिहा. चेकचं काउंटरफॉइल, बँकेची नोंद, पैसे कोणी आणले, तिजोरीच्या रोजकीर्दीत कधी जमा झाले, सुपरवायझरने कोणत्या तारखेला किती उचलले आणि त्याची सही कुठे आहे. एवढं आधी लावा, खर्च त्यानंतर.

मी सगळं टेबलावर पसरलं तेव्हा हिशेब असा निघाला. चार शेतकऱ्यांना मिळून ५,४९,५०० दिले होते. तोडणीच्या मजुरीचे २८,००० मुकादमाला. तीन ट्रकचं भाडं ५२,०००. खोके, तणस, चहापाणी असा चिल्लर खर्च १४,६००. सौदे अपेक्षेपेक्षा कमी झाले म्हणून १,८०,००० परत बँकेत भरले होते. साइटच्या पेटीत ८,४०० शिल्लक. बेरीज ८,३२,५००. म्हणजे १७,५०० रुपये कुठे गेले त्याचा कागद नव्हता. या आकड्याकडे परत येतो.

शेतकऱ्यांची रक्कम सगळ्यात मोठी होती, पण सिद्ध करायला तीच सोपी गेली. आयकर कायदा, १९६१च्या कलम ४०अ(३) प्रमाणे एका दिवसात एका माणसाला १०,०००च्या वर रोख दिलं तर तो खर्च करासाठी अमान्य होतो. पण नियम ६डीडी मध्ये शेतमाल पिकवणाऱ्याला थेट दिलेले पैसे यातून वगळले आहेत. थेट हा शब्द महत्त्वाचा आहे. अडत्याला किंवा मधल्या व्यापाऱ्याला दिले तर ही सूट नाही. म्हणून प्रत्येक पावतीमागे मी सातबारा लावला, ज्यात पिकाच्या रकान्यात संत्रा दिसतो. सोबत काट्याची पावती, तिच्यावरचा ट्रक नंबर आणि आमच्या गेटच्या आवक रजिस्टरचा तोच नंबर. सगळ्यात मोठी पावती १,६२,५०० ची होती: साडेसहा टन, २५,००० रुपये टन. त्या शेतकऱ्याने अंगठा लावला होता, बाजूला साक्षीदाराची सही, आणि ५,०००च्या वरची पावती म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. अंगठा तिकिटावर अर्धा आणि कागदावर अर्धा आला होता. ऑडिटरने तो कागद उजेडात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

चारही शेतकऱ्यांची रक्कम दोन लाखांच्या आत होती, हेही त्याने तपासलं. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर कलम २६९एसटीचा दंड घेणाऱ्यावर, म्हणजे शेतकऱ्यावर बसतो. एकाच बगिच्याचे तीन लाख दोन दिवसांत वाटून दिले तरी सुटका होत नाही, कारण व्यवहार एकच राहतो. तुमच्याकडे असं काही असेल तर ते लपवू नका, ऑडिटरला आधीच सांगा.

एक काट्याची पावती ५ मार्चची निघाली, पैसे काढण्याच्या आदल्या दिवसाची. ऑडिटरने लगेच विचारलं, पैसे नव्हते तेव्हा दिले कसे? माल रात्री मोजला होता आणि पैसे ६ तारखेला दिले होते. रोख पावतीवर ६ तारीख स्पष्ट होती, म्हणून निभावलं. तुम्ही उत्तर लिहिण्याआधी तारखेप्रमाणे रोख शिल्लक काढून बघाच. एखाद्या दिवशी शिल्लक उणे येत असेल तर त्या दिवसाचं एखादं व्हाउचर चुकीच्या तारखेचं आहे किंवा पैसा दुसरीकडून आला आहे. ऑडिटर ही गोष्ट पहिल्या तासात पकडतो.

ट्रकभाड्याचा प्रश्नच आला नाही. तिन्ही मालक वेगळे होते, प्रत्येकाला वीस हजारांच्या आत दिले होते, आणि मालवाहतूकदाराला रोख देण्याची मर्यादा दिवसाला ३५,००० आहे. बिल्ट्या जोडल्या.

खरा पेच मुकादमाच्या २८,००० चा होता. चौदा मजूर, चार दिवस, ५०० रुपये रोज. हजेरीपटावर प्रत्येक मजुराची सही असती तर प्रत्येकाला २,००० मिळाल्याचं दिसलं असतं आणि १०,००० ची मर्यादा आडवी आली नसती. आमच्याकडे फक्त मुकादमाची एक सही होती. मॅनेजर मला म्हणाले, ‘‘हजेरीपट आज बनवून टाका ना, मजूर तर खरेच होते.’’ मजूर खरे होते हे मलाही माहीत होतं. तरी मी नाही म्हटलं, आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो, हे करू नका. चौदा सह्या एका बैठकीत, एका पेनाने झाल्या की त्या तशाच दिसतात. ऑडिटर मुकादमाला फोन लावून कोण कोण होतं एवढंच विचारतो. आणि एक बनावट कागद सापडला की अंगठ्याच्या खऱ्या पावत्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. तुमचा खुलासा तिथेच संपतो आणि त्याची फसवणुकीची चौकशी सुरू होते.

टॅलीतही मागची तारीख टाकून एंट्री बदलू नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बदलांची नोंद ठेवणारंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं, आणि ती नोंद वर्षभर चालू होती का यावर ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. कोणी, कधी, कोणता आकडा बदलला हे त्याला दिसतं. मी जुनी एंट्री तशीच ठेवली आणि वर्षाची पुस्तकं उघडी होती म्हणून वेगळी दुरुस्तीची एंट्री घेतली. तिच्या नरेशनमध्ये जुन्या व्हाउचरचा नंबर आणि चूक काय झाली ते लिहिलं.

मुकादमाचे २८,००० आम्ही स्वतःच अमान्य खर्चात दाखवले. इथे बरेच जण चुकतात. १०,००० च्या वरचे फक्त १८,००० नाही, पूर्ण २८,००० अमान्य होतात. शिवाय त्याचं वर्षभराचं एकूण एक लाखाच्या वर गेलं होतं, म्हणून टीडीएसही पाहावा लागला. त्यावर कंपनीला कर भरावा लागला, पण ऑडिटरची शंका तिथे मिटली.

आता ते १७,५००. सुपरवायझरच्या सांगण्याप्रमाणे ते एका बगिच्याचा इसार म्हणून दिले होते, सौदा मोडला आणि इसार बुडाला. इसारपावती नव्हती, शेतकऱ्याचं नाव त्याला धड आठवत नव्हतं. मला तो माणूस खोटा वाटला नाही. पण मला काय वाटतं हे व्हाउचर होत नाही. मी खुलाशात असं लिहिलं:

‘काढलेल्या ८,५०,००० पैकी ८,३२,५०० चे कागद सोबत जोडले आहेत. उरलेल्या १७,५०० रुपयांचा पुरावा आमच्याकडे नाही. साइट सुपरवायझर यांच्या म्हणण्यानुसार ही रक्कम इसारापोटी दिली. त्यांचं सहीचं निवेदन जोडलं आहे, पावती उपलब्ध नाही. ही रक्कम खर्चात न धरता सुपरवायझर यांच्या नावे येणे दाखवली आहे.’

ऑडिटरने हा परिच्छेद दोनदा वाचला. बाकीच्या गठ्ठ्यावर त्यानंतर त्याने फारसे प्रश्न विचारले नाहीत. पुढे कंपनीने ते पैसे सोडून दिले आणि करासाठी अमान्य धरले.

तुमच्याही न सापडणाऱ्या व्हाउचरची रक्कम वेगळी काढा आणि आकड्यानिशी तुम्हीच सांगा. ज्याला पैसे दिले तो माणूस हयात आणि ठाऊक असेल तर त्याच्याकडून आजच्या तारखेची पोचपावती घेता येते: ‘मला अमुक तारखेला इतके रुपये मिळाले, ही पावती आज लिहून देत आहे.’ असा कागद खरा असतो. त्याच्यावर मार्चची तारीख टाकली की तो खोटा होतो.

कलमांचं एक सांगून ठेवतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात. तुमची रक्कम त्याआधीच्या मार्चची असेल तर वर लिहिलेली जुनी कलमंच खुलाशात लावा.

आणि खाली एकट्याने सही करू नका. पैसे काढायचा निर्णय ज्याचा होता त्या संचालकाची सही लेटरहेडवर घ्या, रोकड हाताळणाऱ्याची त्याच्या निवेदनावर, आणि तुमची फक्त ‘पुस्तकांवरून तयार केले’ या ओळीखाली. सेल्फ चेक कोणी सही केला आणि बँकेत कोण गेलं होतं, हे पत्र टाइप करायच्या आधी आजच विचारून ठेवा.